नकाशावरची वेळ पाठवावी की उरलेल्या किलोमीटरांचा हिशेब? उशीर होत असताना यजमानांना कळवण्याच्या दोन पद्धती

इंदूरहून बडोद्याला गाडीने जाणाऱ्यांची अडचण साधारण एकच असते. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असते, धार, झाबुआ, दाहोद आणि गोध्रा पार करता करता दिवस निघून जातो आणि पलीकडे कोणीतरी जेवण मांडण्याची वेळ ठरवत बसलेले असते. उशीर होणार हे कळल्यावर त्यांना निरोप पाठवण्याच्या दोन पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत. एकीत नकाशाच्या ॲपवर दिसणारी पोहोचण्याची वेळ जशीच्या तशी कळवायची, तर दुसरीत उरलेले अंतर पाहून स्वतः वेळ काढून ती कळवायची. (चालू ठिकाण व्हॉट्सॲपवर दाखवत राहणे हा तिसरा मार्ग आहे, पण त्यात आकडेमोड यजमानांनाच करावी लागते. शिवाय झाबुआकडच्या घाटात नेटवर्क गेले की ठिपका एकाच जागी थांबून पाहणाऱ्याच्या जिवाला घोर लावतो. शेवटच्या दोन किलोमीटरांत घर शोधताना मात्र तो उपयोगी पडतो.)

पहिल्या पद्धतीच्या बाजूने बरेच बोलता येईल. पुढे रस्ता बंद असेल, ट्रक उलटला असेल किंवा शहरात संध्याकाळची गर्दी असेल, तर ते नकाशाला कळते आणि आपल्याला कळत नाही. तरीही ही वेळ एका अटीवर उभी असते, आणि ती अट पडद्यावर कुठेही लिहिलेली नसते. आपण या क्षणापासून दारापर्यंत कुठेही थांबणार नाही, असे ती धरून चालते. चहा, सीएनजीची रांग, मागच्या सीटवरच्या मुलाची घाई यांतले काहीच त्या हिशेबात नसते, त्यामुळे थांबलेले प्रत्येक मिनिट नंतर पोहोचण्याच्या वेळेत भरले जाते.

हा तपशील किरकोळ वाटेल, मलाही तो तसाच वाटत होता. सौभाग्यवतींचे काका-काकू डांडिया बाजारात राहतात. काकांना मधुमेह आहे आणि त्यांची संध्याकाळची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. मागच्या एका खेपेस दाहोदला साडेचार वाजता नकाशा ७.२५ दाखवत होता. मी तेवढेच कळवले. नंतर चहाला वीस मिनिटे आणि सीएनजीच्या रांगेत पंचवीस मिनिटे गेली. मी प्रामाणिकपणे ७.५० कळवले आणि थोड्या वेळाने ८.१० कळवले, पण काकांनी पहिल्या निरोपावर विसंबून सात वाजता गोळी घेतली होती आणि पाहुणे आल्याशिवाय ताटावर बसायचे नाही हा त्यांचा हट्ट होता. आम्ही ८.३५ ला पोहोचलो तेव्हा त्यांचे हात थरथरत होते आणि काकू त्यांना साखरेचे पाणी देत होत्या. कोणी एक शब्दही बोलले नाही, आणि तेच मला जास्त लागले. वेळ एकदाच तासाभराने पुढे गेली असती तर काका निमूटपणे जेवले असते, पण ती वीस-वीस मिनिटांनी सरकत गेल्यामुळे प्रत्येक निरोपानंतर त्यांना ‘आता आलेच’ असे वाटत राहिले.

त्यानंतर मी दुसरी पद्धत धरली. तिला विशेष गणित लागत नाही. गाडीच्या मीटरवर मागचे तीस किलोमीटर किती मिनिटांत झाले एवढे पाहायचे, त्याला तीनने भागायचे आणि दहा किलोमीटरला किती मिनिटे लागतात हा दर हाताशी ठेवायचा. सबंध प्रवासाची सरासरी मी वापरत नाही, कारण तिच्यात दुपारचे जेवण आणि घाटातली चढण मिसळलेली असते आणि पुढच्या रस्त्यावर ती दोन्ही पुन्हा येणार नसतात. शहरातल्या तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा आणि ठरलेला थांबा उघडपणे मिळवायचा.

गेल्या खेपेचे उदाहरण देतो. संध्याकाळी सहा वाजता आम्ही गोध्र्याबाहेर होतो आणि काकांच्या दारापर्यंत ८४ किलोमीटर उरले होते. मागच्या तीस किलोमीटरांना ३६ मिनिटे लागली होती, म्हणजे दहाला बारा. बडोद्याच्या वेशीवरच्या गोल्डन चोकडीपर्यंतच्या ७५ किलोमीटरांना ९० मिनिटे, तिथून डांडिया बाजारापर्यंतच्या शेवटच्या नऊ किलोमीटरांना संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास आणि हालोलला चहासाठी पंधरा मिनिटे, असे मिळून सव्वादोन तास झाले. नकाशा तेव्हा ७.४० म्हणत होता. आम्ही मात्र काकूंना असे लिहिले:

‘काकू, नमस्कार. आम्ही आत्ता सहा वाजता गोध्र्याजवळ आहोत, घर अजून ८४ किलोमीटर आहे. हालोलला एकदा थांबू. सव्वाआठ ते साडेआठच्या दरम्यान पोहोचू, त्याआधी नाही. काकांना गोळी आणि जेवण त्यांच्या वेळेवरच द्यावे, आमच्यासाठी थांबू नये. आमच्यापुरते वरण-भात झाकून ठेवा. हालोल सोडल्यावर पुन्हा कळवतो.’

या निरोपात ‘त्याआधी नाही’ हे शब्द मला वेळेइतकेच महत्त्वाचे वाटतात, कारण काकूंना गॅस कधी पेटवायचा यापेक्षा कधीपर्यंत पेटवायचा नाही हे आधी कळायला हवे असते. एका नेमक्या मिनिटाऐवजी पंधरा मिनिटांची पट्टी दिली की पाच मिनिटे इकडे-तिकडे झाली तरी नवा निरोप पाठवावा लागत नाही. हालोलहून ७.०५ ला निघालो तेव्हा ४२ किलोमीटर उरले होते आणि हिशेब जुळत होता, म्हणून फक्त ‘वेळ तीच’ एवढे कळवले. दार ८.२० ला वाजवले. काका जेवून झोपाळ्यावर बसले होते.

या पद्धतीतही फसायला जागा आहे. उरलेले अंतर मैलाच्या दगडावरून घेऊ नये, कारण त्यावरचा आकडा शहरातल्या एका ठरावीक ठिकाणापर्यंतचा असतो, यजमानांच्या दारापर्यंतचा नसतो. नकाशात नुसते ‘वडोदरा’ टाकले असेल तरी तीच चूक होते, तेव्हा घराचा पत्ता टाकूनच किलोमीटर वाचावेत. पुढे अचानक रस्ता अडला तर मागच्या तीस किलोमीटरांचा दर कुचकामी ठरतो. म्हणून निरोप पाठवण्याआधी नकाशावर लाल पट्टा दिसतो का ते मी पाहतो, आणि नकाशाची वेळ माझ्या वेळेच्या पुढे असेल तर निमूटपणे नकाशाचे ऐकतो. आणि हे सारे शेजारी बसलेल्याने किंवा गाडी उभी करून करायचे काम आहे.

यजमान तरुण असतील, फोन हातातच असेल आणि जेवण बाहेरून येणार असेल, तर नकाशाची वेळ पाठवून भागते, त्याला माझा आक्षेप नाही. पण घरी कोणाच्या औषधाची वेळ ठरलेली असेल, पोळ्या गरम वाढायच्या असतील किंवा यजमान पाहुण्यांसाठी उपाशी थांबणाऱ्यांपैकी असतील, तर निदान माझा कल किलोमीटर मोजण्याकडे आहे. काकूंनी परवा फोनवर सौ.ला विचारले, ‘येत्या खेपेला निरोप तेच लिहिणार ना?’

‘तेच’ म्हणजे मी.