दहावीच्या बॅचचे टी-शर्ट आणि उडालेला अनुस्वार

दादरच्या आमच्या पालकांच्या ग्रुपवर हे सगळ्यांना माहीत आहे, पण पुढच्या वर्षी दहावीला जाणाऱ्यांसाठी इथे लिहितेय.

मुलांनी बॅचचं नाव ठरवलं ‘मधली सुट्टी’. त्यासाठी वर्गात मतदान झालं, रुसवेफुगवे झाले. पाठीवर घोषवाक्य: ‘बाकं सोडली, खोड्या नाहीत’. (मला स्वतःला हे फार आवडलं होतं.) छपाईवाल्याने नमुना दाखवला तो १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा, जाड सुती, त्यावर स्क्रीन प्रिंट. भाव ३८० रुपये, मुलं ४२, निम्मे पैसे आगाऊ. ‘ताई, वर्कशॉप आपलंच आहे, लोअर परळला,’ असं त्याने सांगितलं. तसं वर्कशॉप नव्हतंच, हे नंतर कळलं. तो फक्त ऑर्डर घ्यायचा.

निरोप समारंभाच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा आला आणि उरलेले पैसे घेऊन माणूस गेला. समारंभात सगळे खूश. पहिल्या धुण्यात मात्र ‘बाकं’वरचा अनुस्वार निघून ‘बाक सोडली’ झालं. मग ‘खोड्या’च्या मात्रेची कड सुटू लागली.

कारण साधं आहे. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई जाळीतून थेट कापडावर उतरते आणि भट्टीत पक्की होते. आमच्यावर डीटीएफ होतं, म्हणजे फिल्मवर छापून मागे गोंदाची पूड लावायची आणि इस्त्रीसारख्या प्रेसने चिकटवायचं. नीट केलं तर तेही टिकतं. इथे उष्णता किंवा दाब कमी पडला होता. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला जोडलेला नसतो, त्याला धरून ठेवायला गोंद जेमतेम, म्हणून तोच आधी सुटतो.

कापडही बदललं होतं. नमुना आणि आलेला टी-शर्ट, एकाच मापाचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर आलेला चांगलाच हलका. शिवणीच्या आतल्या बाजूच्या कापडाचा एक धागा जाळला, त्याची राख झाली नाही, टोकाला कडक मणी बनला. म्हणजे पॉलिस्टर. हे त्याच्यासमोर, पैसे देण्याआधी, दोन मिनिटांत करता येतं. छपाईवरून नख फिरवा: कड उचलली जात असेल तर ती फिल्म आहे.

मुलांना खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आला. महिनाभरात त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तेच घोषवाक्य, तीच अक्षरं, दुसऱ्या शाळेच्या नावाने! वर आमच्याकडून ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून डिझाइनचे १५०० घेतले होते.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. आमच्याकडे होतं चॅट आणि यूपीआयची पावती, त्यात ‘स्क्रीन प्रिंट’ हा शब्द कुठेच नाही. ते सगळं फोनवर बोलणं. त्यामुळे आगाऊ रक्कम देण्याआधी छपाईचा प्रकार, जीएसएम, सुताचं प्रमाण आणि डिझाइन दुसऱ्याला न विकण्याची अट बिलावर लिहून घ्या, आणि सही केलेला नमुना स्वतःकडे ठेवा.