महिन्यातून एकदाच सगळं, की कटिंग, दाढी, आयब्रो वेगवेगळ्या वेळी?

माझा मावसभाऊ इंदूरलाच, सुदामानगरात राहतो, विजयनगरच्या ऑफिसात रोज कस्टमरसमोर बसतो. एक तारखेला सलूनमध्ये कटिंग, दाढी, आयब्रो सगळं एकदम उरकून यायचा, पहिले आठ दिवस मस्त, मग चेहरा कायम अर्धवटच दिसायचा. तिन्ही जागचे केस सारखे वाढत नाहीत, हे तो धरतच नव्हता.

त्याच्या साइड एक नंबर मशीनच्या, म्हणजे 3 मिमी, आणि वर साधारण 60. डोक्याचे केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे पंधरा दिवसांत वर 65 झाले तरी कोणाला कळत नाही, पण साइड 3 च्या 8 होतात आणि फेड, म्हणजे खालून वर हळूहळू लांब होत जाणारी साइड, गायबच. म्हणून फेड ठेवायचा असेल तर दोन, फार तर तीन आठवडे. कैचीचा कट असेल तर साइड आधीच लांब असते, तो पाच आठवडेसुद्धा आरामात चालतो. महिन्यातून एकदाच जायचं असेल तर कैचीचाच घ्या, खरंच सांगतो.

दाढी मात्र कोणत्याच हिशेबात महिनाभर थांबत नाही. 6 मिमीची दाढी आठवड्यात 8-9 वर जाते, पण लांबीच्या आधी बिघडते ती गळ्याची कड, चार-पाच दिवसांतच खाली खुंट दिसायला लागतात. ही कड घरीच सांभाळा, कंठमण्याच्या दोन बोटं वर रेघ धरायची, तिच्याखालचं सगळं गार्ड काढून ट्रिमरने साफ, दर चार-पाच दिवसांनी, आणि आठ-दहा दिवसांनी गार्ड लावून पूर्ण दाढी. रेघ जबड्याच्या हाडावर चढवू नका, तोंड गोल दिसतं आणि बोलताना खाली मोकळी पट्टी दिसते.

आयब्रोचं उलटंच आहे, तिथे घाई केली की नुकसान. दर दहा दिवसांनी थ्रेडिंग केलं तर नवे केस दोऱ्यात नीट धरलेच जात नाहीत, कातडी लाल होते आणि आकार सारखा करता करता करणारा आतले चांगले केसही उडवतो, भुवया बारीक होत जातात. भावाचं हेच झालं होतं, मधे वर्षभर कटिंग लवकर लवकर करायचा आणि दर वेळी आयब्रोही, मग डावी भुवई शेपटीकडे विरळ झाली. आता चार आठवडे हातच लावायचा नाही, मधले दोन-चार उपरे केस चिमट्याने काढायचे, तेही दोन भुवयांमधलेच. लग्नबिग्न असेल तर दोन दिवस आधी, त्याच दिवशी नको.

त्याने शेवटी फेड सोडला नाही, म्हणून 1 आणि 16 तारखेला कटिंग आणि दाढी एकाच खुर्चीत, कारण कल्ले दाढीला जुळवून घ्यावे लागतात, 8 आणि 24 ला दाढी घरी, आयब्रो फक्त 1 ला. पैसे परवडत नसतील तर 16 ची पूर्ण कटिंग सोडून नुसती साइड आणि मान साफ करून घ्या, बरेच न्हावी तेवढंच वेगळं करून देतात, फक्त खुर्चीत बसायच्या आधीच विचारा.