यू-आकार की आरपार? गोदामाची आवक-जावक ठरवताना

भिवंडीजवळच्या एका नव्या गोदामाचा नकाशा माझ्याकडे तपासायला आला होता. रस्त्याकडची बाजू ६० मीटर, खोली १०० मीटर. साबण, बिस्किटं, शाम्पू असा किराणा दुकानांत जाणारा माल. डॉक म्हणजे गाडी लावून माल चढवायची-उतरवायची दारं. नकाशात आवकेचे ६ डॉक पुढे आणि जावकेचे ८ डॉक मागे होते. माल पुढून आत यायचा, रॅकमध्ये थांबायचा आणि मागून बाहेर पडायचा. मालकांना ही आरपार रचना पसंत होती, कारण आवक आणि जावक एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. मी दुसरा पर्याय मांडला: सगळे डॉक पुढच्याच बाजूला, माल आत जाऊन वळसा घेऊन त्याच तोंडाने बाहेर. यालाच यू-आकार म्हणतात. पुढचे पंधरा दिवस आम्ही या दोन रचनांची तुलना करत होतो. तुम्हीही गोदाम बांधणार किंवा भाड्याने घेणार असाल, तर ती तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी अंतराचा हिशेब बघू, कारण तिथेच बहुतेकांची समजूत चुकते. सोपं व्हावं म्हणून आडवं अंतर आणि स्टेजिंगची, म्हणजे डॉकपाशी माल थांबवायची, जागा सोडून देऊ. आरपार गोदामात एखादं पॅलेट, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर रचलेला माल, पुढच्या दारापासून ३० मीटरवर ठेवलं, तर बाहेर जाताना त्याला उरलेले ७० मीटर जावं लागतं. १० मीटरवर ठेवलं, तर ९० मीटर. कुठेही ठेवा, बेरीज १०० मीटरच. म्हणजे पॅलेट जसंच्या तसं बाहेर जाणार असेल, तर जास्त खपाचा माल सोयीच्या जागी ठेवायचा म्हटलं तरी तशी जागाच नसते.

यू-आकारात दारापासून १० मीटरवरच्या पॅलेटला जाऊन-येऊन २० मीटर पडतात आणि ९० मीटरवरच्याला १८०. माल कुठेही कसाही ठेवला तर सरासरी इथेही १००च येते आणि यू-आकाराचा काही फायदा दिसत नाही. तो दिसतो मालाची खपानुसार ए, बी, सी वर्गवारी केल्यावर. समजा, ए वर्गाचा माल २० टक्के जागा घेतो आणि ८० टक्के हालचाल त्याचीच होते. बी वर्ग ३० टक्के जागा आणि १५ टक्के हालचाल, सी वर्ग ५० टक्के जागा आणि ५ टक्के हालचाल. ए दाराजवळ, बी मध्ये, सी पाठीमागे ठेवला की तिघांचं सरासरी जाऊन-येऊन अंतर अनुक्रमे २०, ७० आणि १५० मीटर होतं. हालचालीच्या प्रमाणात एकत्र केलं की १६ अधिक १०.५ अधिक ७.५, म्हणजे ३४ मीटर.

फोर्कलिफ्टची रिकामी फेरी धरली की दोन्ही आकडे दुप्पट होतात. दिवसाला २०० पॅलेट आत आणि २०० बाहेर असतील, तर आरपार गोदामात गाड्या ४० किलोमीटर धावतात आणि यू-आकारात सुमारे १३.६. प्रत्यक्षात एवढी बचत कधीच हाती लागत नाही. आडवं अंतर वाढतं, वरच्या रॅकवरून माल काढायला वेळ जातो, ए वर्गाच्या गल्लीत गाड्या एकमेकींसाठी थांबतात. पण याच्या निम्मी बचत झाली तरी एखादी फोर्कलिफ्ट आणि तिचा चालक कमी लागू शकतो.

आणखी एक गोष्ट ऑपरेटरकडून ऐकली तरच लक्षात येते. यू-आकारात तो आवकेचं पॅलेट रॅकला लावतो आणि परतताना जावकेचं पॅलेट उचलून आणतो. येताना-जाताना दोन्ही वेळा काटे भरलेले. आरपार गोदामात तो जावकेच्या दाराशी पोचतो, पण पुढचं पॅलेट १०० मीटर मागे आवकेच्या दाराशी उभं असतं. मग पूर्ण लांबी रिकाम्या गाडीने परत. दोन कामं एका फेरीत जोडली तरी एकूण अंतर तेवढंच राहतं.

आता आरपारच्या बाजूने बोलायचं, तर हे गणित पूर्ण पॅलेटचं आहे. किराणा मालात पॅलेट एकदा आत येतं आणि बॉक्स-बॉक्स करून दहा फेऱ्यांत बाहेर जातं. अशा वेळी आरपार गोदामातही ए वर्ग जावकेच्या दाराजवळ ठेवता येतो. दारापासून १० मीटरवर ठेवला, तर आत यायला एकदाच ९० मीटर आणि बाहेर जायला दहा वेळा १०, एकूण १९०. यू-आकारात तेच ११०. फरक राहतो, पण आधीइतका मोठा नाही. म्हणून तुमचा माल पॅलेटने जातो की बॉक्सने, हे आधी पाहा.

अंतरापेक्षाही मी जास्त वजन देतो ते वेळेला. त्या मालकांच्या जुन्या गोदामाचं गेट रजिस्टर मागवलं आणि दोन आठवड्यांच्या गाड्या तासातासाला मोजून कागदावर रेघा मारल्या. कंपन्यांच्या ३२ फुटी गाड्या सकाळी ८ ते १२ मध्ये लागत होत्या आणि एका वेळी जास्तीत जास्त ६ गाड्या असायच्या. जावकेची भरणी दुपारी ४ नंतर सुरू व्हायची आणि तेव्हा ८ गाड्या एकत्र लागायच्या. आरपार रचनेत हे १४ डॉक होतात. त्यातले ६ संध्याकाळी बंद आणि ८ सकाळी बंद. एकाच बाजूला डॉक असतील, तर तेच डॉक सकाळी आवकेला आणि संध्याकाळी जावकेला वापरता येतात. गर्दीच्या दिवसासाठी २ जास्त धरले तरी १० पुरतात. हमालांची टोळीसुद्धा तीच राहते, कारण तिला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यावं लागत नाही.

रजिस्टरमध्ये आवक आणि जावक दोन्हींची गर्दी एकाच वेळी दिसली, तर मात्र यू-आकाराचा हा मुद्दा निकालात निघतो. १४ डॉक लागणारच, आणि ते एकाच यार्डात असल्याने उलटी लागणारी गाडी बाहेर निघणारीला अडवते. रांग गेटबाहेर रस्त्यावर जाते. रजिस्टरवर गाडी आत येण्याची आणि डॉकला लागण्याची वेळ वेगवेगळी लिहून घ्या. डॉक रिकामा असूनही गाडी अर्धा तास लागत नसेल, तर अडचण डॉकच्या संख्येत नाही, यार्डात आहे.

यू-आकाराचा खरा धोका फरशीवर असतो. उतरवलेला माल आणि भरायचा माल शेजारी-शेजारी उभा राहतो. घाईत जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, न झालेलं पॅलेट तसंच जावकेच्या गाडीत चढतं. हे कसं ओळखायचं? सिस्टीम म्हणते माल आलेलाच नाही आणि बिल तर त्याच मालाचं झालेलं, अशा नोंदी महिन्यात दोन-चार सापडल्या, की समजा फरशीवर सरमिसळ होते आहे. उपाय फार महाग नाही. ऑफिस आणि परत आलेल्या मालाची जाळीबंद खोली आवक आणि जावक या दोन्हींच्या मधोमध बांधायची. दोन्हींचे पट्टे वेगळ्या रंगाने आखायचे. जीआरएन झाल्यावरच पॅलेटला चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठी नसलेलं पॅलेट जावकेच्या पट्ट्यात दिसलं, की भरणी थांबवायची. सकाळ-संध्याकाळ डॉक बदलायचे असतील, तर दुपारी एकदा फरशी पूर्ण मोकळी करून घ्यावी लागते. हा नियम पहिल्याच महिन्यात ढिला पडतो, म्हणून सुपरवायझरने रोज स्वतः पाहावं.

आरपार कुठे घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माल रॅकला लागतच नाही, आला आणि त्याच दिवशी दुसऱ्या गाडीत गेला, अशा क्रॉस-डॉकला आणि पार्सलच्या हबला आरपारच हवं. तिथे आवक-जावक एकाच वेळी चालते आणि साठा नसल्याने ए, बी, सीचा प्रश्न येत नाही. पण मग इमारत अरुंद बांधा आणि लांब बाजूंना डॉक ठेवा, म्हणजे आरपार अंतर कमी पडेल. आमच्यासारखी १०० मीटर खोल इमारत क्रॉस-डॉकला वापरणं म्हणजे रोज तेवढी पायपीट विकत घेणं. दुसरं कारण गाड्यांचं. माल ट्रेलरने येतो आणि छोट्या हत्तीतून गावात जातो, असं असेल तर साधारण १.२ मीटर उंचीचा डॉक मोठ्या गाडीला बरोबर बसतो, पण छोट्या गाडीचा तळ त्याच्या बराच खाली राहतो. अशा वेळी मागची बाजू कमी उंचीची ठेवता येणं ही मोठी सोय आहे. चाकणसारख्या ठिकाणी कारखान्याला सुटे भाग पुरवतानाही, उत्पादनाची लाइन दुसऱ्या टोकाला असेल, तर आरपार आपोआपच ठरतं.

जागेचा हिशेब थोडक्यात. गाडी वळून डॉकला लागायला आणि रस्त्याला मिळून आम्ही ३० मीटर खोलीचं यार्ड धरलं होतं. आरपार रचनेत ते दोन्हीकडे लागतं, म्हणजे ६० मीटर रुंदीवर १,८०० चौरस मीटर जास्त, साधारण अर्ध्या एकराला थोडं कमी. त्यात मागे पोचायला बाजूने ट्रेलर जाईल एवढा रस्ता हवा. शिवाय मागच्या यार्डाला वेगळी देखरेख, कॅमेरे आणि एक सुरक्षारक्षक. पुढे वाढवायचं झालं, तर यू-आकाराची इमारत मागेही वाढते, आरपारची फक्त बाजूंनी.

आणि पाऊस. कोकणपट्टीत पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला डॉक असले, की जूनपासून सप्टेंबरपर्यंत शटरच्या आत दोन-तीन मीटर फरशी ओली राहते आणि साबणाचे पुठ्ठ्याचे बॉक्स तळातून नरम पडतात. यू-आकारात डॉकची एकच बाजू निवडायची असते, ती पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवता आली तर ठेवावी. आरपारमध्ये दोन बाजूंपैकी एक बहुधा पावसाच्या तोंडावर येते. मग खोल छत आणि गाडी व दार यांतली फट झाकणाऱ्या डॉक शेल्टरचा खर्च धराच.

त्या मालकांना हे सगळं सांगूनही मागचे डॉक सोडवत नव्हते. मग आम्ही त्याच भागातलं एक चालू आरपार गोदाम पाहायला गेलो. मागच्या सहा शटरपैकी तीन बंद होते आणि त्यांच्यापुढे मोडक्या पॅलेटची छातीएवढी थप्पी लागलेली होती. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, मागे वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, त्यामुळे आम्ही भरणी पुढूनच करतो." म्हणजे त्यांचं काम यू-आकारात चाललं होतं, फक्त यू-आकारासाठी लागणारे पट्टे, मधली खोली आणि पुरेसे डॉक नव्हते. परत आल्यावर मालकांनी १० डॉक पुढे घेतले. मागच्या भिंतीत भविष्यासाठी दोन शटरएवढी जागा सोडली, बीम तसे टाकून घेतले आणि सध्या ती विटांनी बुजवली.