आजी-आजोबांसाठी व्हिडिओ कॉल: उचलायला सोपा कोणता?

मुलगी न्यू जर्सीत, मुलगा दुबईत आणि आई-वडील कोथरूडला, अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. ओळखीच्या अशाच एका घरासाठी आम्ही पर्याय ताडून पाहिले. आजींचा हात थरथरतो, आजोबांना कमी ऐकू येतं आणि दोघांत मिळून एकच अँड्रॉइड फोन. अशा वेळी सगळे विचारतात, ‘कोणतं ॲप सोपं?’ आमच्या मते आधी दोन गोष्टी पाहाव्यात. आलेला कॉल त्यांना उचलता येतो का, आणि मुलं आहेत त्या देशात ते ॲप चालतं का? कॉल लावता येणं त्यानंतरचं, कारण बहुतेक घरांत कॉल येतो तो परदेशातूनच.

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करू, कारण ते फोनमध्ये आधीच असतं आणि सोसायटीच्या ग्रुपमुळे हाताला बसलेलंही असतं. तरी कॉल उचलताना गोंधळ होतोच. फोन लॉक असेल तर पडदाभर कॉल दिसतो आणि अँड्रॉइडवर बटण वर सरकवावं लागतं. तोच फोन उघडा असेल, म्हणजे आजी व्हिडिओ पाहत असतील, तर वरच्या कडेला एक पट्टी येते आणि त्यात दोन छोटी बटणं असतात. थरथरत्या बोटाने नेमकं ‘नको’ दाबलं जातं. त्यामुळे सराव दोन्ही प्रकारांचा करून घ्यावा. शेजारच्या खोलीतून एकदा फोन लॉक असताना आणि एकदा उघडा असताना कॉल करा.

दुसरी तक्रार ऐकू येते ती अशी: ‘आम्ही लावतो, पण आई उचलतच नाही.’ इथे कॉल लावणाऱ्याने स्वतःच्या पडद्यावरचे शब्द पाहावेत. Calling वरून Ringing झालं, तर पुण्यातला फोन वाजतोय, आई स्वयंपाकघरात असेल किंवा आवाज बंद असेल. पण शब्द Calling वरच अडकला असेल, तर कॉल फोनपर्यंत पोचलेलाच नाही. एक तर इंटरनेट गेलंय, नाहीतर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनने व्हॉट्सॲपला झोपवून ठेवलंय. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी अशा फोनवर हे बरेचदा होतं. उपाय सेटिंग्जमध्ये असतो. ॲप्सच्या यादीतून व्हॉट्सॲप उघडायचं, Battery मध्ये जाऊन Unrestricted किंवा No restrictions निवडायचं, आणि Autostart दिसत असेल तर तेही चालू करायचं. प्रत्येक कंपनीत ही नावं थोडी वेगळी असतात. हे काम नातवाने सुट्टीत आल्यावर पहिल्याच दिवशी उरकावं, निघताना विमानतळावर नव्हे.

आजोबांचं श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर आणखी एक घोळ होतो. कॉलचा आवाज थेट यंत्रात जातो आणि शेजारी बसलेल्या आजींना काहीच ऐकू येत नाही. कॉल चालू असताना स्पीकरच्या चिन्हावर दाबून आवाज कुठे द्यायचा ते बदलता येतं, फक्त ते चिन्ह आजींना आधी दाखवून ठेवलेलं असायला हवं.

काही उचलायची गरजच नको असेल, तर ॲमेझॉनचा एको शो पाहावा. टेबलावर ठेवायचा पडदा, किंमत दहा-बारा हजारांपासून पुढे. त्यातली ‘ड्रॉप इन’ सोय चालू केली, की परवानगी दिलेली व्यक्ती अलेक्सा ॲपमधून थेट त्या पडद्यावर येते. सुरुवातीला काही क्षण चित्र धूसर असतं, मग दोन्हीकडचं स्पष्ट दिसतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी याला तोड नाही. पण आमच्या आजी ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे मी केस विंचरत असताना जावई डोकावणार?’ कॅमेऱ्यावर सरकवायची झडप असते, पण ती बंद ठेवायची सवय लागली तर यंत्र घेऊन उपयोग काय! शिवाय यात बॅटरी नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की पडदाही गेला आणि वायफायही. फोन मात्र मोबाइल डेटावर चालू राहतो.

यापेक्षा घरात पडून असलेला जुना आयपॅड बरा. बऱ्याच घरांत मुलांनी दिलेला एखादा असतोच. पडदा मोठा, चेहरा मोठा, बटणंही मोठी. आयपॅडसाठी व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप मे 2025 मध्ये आलं आणि त्यात व्हिडिओ कॉल करता येतात. वेगळं सिमकार्ड लागत नाही, आजींच्या फोनवरचंच खातं त्याला जोडायचं. मात्र मूळ फोनवर 14 दिवस व्हॉट्सॲप उघडलंच नाही, तर आयपॅडची जोडणी आपोआप तुटते. फार जुन्या आयपॅडवर ॲप बसतं का, ते आधी पाहून घ्या.

मुलीकडे आयफोन असेल तर ती फेसटाइम सुचवेल. आयपॅडवर ते उत्तम चालतं. अँड्रॉइड फोनवर मात्र फेसटाइम वाजत नाही. मुलीने पाठवलेली लिंक ब्राउझरमध्ये उघडून आत जावं लागतं आणि आजींना स्वतःहून कॉल सुरू करताच येत नाही. घरात अँड्रॉइडच असेल तर त्याचा नाद सोडा. स्काइपची सवय असलेल्यांनाही आता दुसरं काही शोधावंच लागेल, ते मे 2025 मध्ये बंद झालं.

आता दुबई. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल होत नाहीत. फेसटाइमचीही तीच गत. म्हणून तिथली मराठी मंडळी बोटिम हे कॉलचं ॲप वापरतात. तिथे ते अधिकृत आहे, पण दोन्ही बाजूंना ते असायला लागतं, म्हणजे आजींच्या फोनवर आणखी एक चिन्ह आलं. आपण कोणत्या देशात आहोत ते लपवणाऱ्या व्हीपीएनची पळवाट काढू नका. तिथल्या कायद्यात त्याच्या गैरवापराला जबर दंड आहे आणि नोकरी करणाऱ्या मुलाने ती जोखीम घेण्यात अर्थ नाही.

दोन्ही भावंडांना एकत्र बोलायचं असेल तर गुगल मीट किंवा झूम. दोन्ही दुबईत चालतात. फुकट खात्यावर झूम 40 मिनिटांनी तुटतं, मीट तीन किंवा जास्त माणसं असताना 60 मिनिटं चालतं. मीट बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असतं, म्हणून आम्ही तेच निवडलं. पण अशी लिंकवरची बैठक वाजत नाही, वेळ ठरवावी लागते आणि लिंक आजींनी दाबावी लागते. मुलीने कॅलेंडरमधून आजींच्या जीमेलला निमंत्रण दिलं तर त्या थेट आत जातात. नाहीतर त्यांना Ask to join दाबून पलीकडून कोणी आत घेईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात त्या ‘लागत नाहीये’ म्हणून बंद करतात.

शेवटी त्या घरात असं ठरलं: मुलीसाठी आयपॅडवर व्हॉट्सॲप, मुलासाठी फोनवर बोटिम आणि दर रविवारी सकाळी साडेसातला सगळ्यांचं मीट. तेव्हा न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात नऊ. दुबईत पहाटेचे सहा, त्यामुळे मुलगा कुरकुरला. वेळ साडेआठवर नेली.

जाता जाता व्हॉट्सॲपच्या Privacy मध्ये Calls खाली Silence unknown callers चालू करून घेतलं. त्यामुळे अनोळखी नंबरचा कॉल वाजत नाही, फक्त यादीत दिसतो. ‘डिजिटल अरेस्ट’वाले असेच व्हिडिओ कॉल करतात. फक्त मुलीचा परदेशातला नंबर +1 लावून नीट साठवलेला आहे ना, ते आधी पाहावं, नाहीतर तिचाच कॉल गप्प बसेल.