नेमप्लेटवरून हिशोब की मीटरवरून? दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीसाठी कपॅसिटर निवडताना

सांगलीत हळद दळण्याच्या माझ्या छोट्या युनिटमध्ये दहा हॉर्सपॉवरची एक थ्री-फेज मोटार डीओएल स्टार्टरवर चालते. तिचा पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कपॅसिटर किती क्षमतेचा घ्यावा, हे ठरवण्याचे दोन मार्ग माझ्यासमोर होते: नेमप्लेटवरच्या आकड्यांवरून हिशोब करणे, किंवा चालू मोटारीवर टाँग टेस्टर आणि वीजमीटर यांच्या मदतीने मोजून घेणे. मी आधी पहिला आणि नंतर दुसरा मार्ग धरला.

नेमप्लेट सांगते: ७.५ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, १४.३ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८४, कार्यक्षमता ८७ टक्के. यातले ७.५ किलोवॉट हे शाफ्टवर मिळणारे असल्यामुळे त्याला ०.८७ ने भागावे लागते, म्हणजे पूर्ण भारावर मोटार सुमारे ८.६ किलोवॉट ओढते. पॉवर फॅक्टर ०.८४ वरून ०.९८ वर नेण्यासाठी लागणारी कपॅसिटरची क्षमता यावरून ३.८ केव्हीएआर निघते. हिशोब घरबसल्या होतो, आणि मोटार अजून विकत घेतलेली नसेल तर दुसरा मार्गही नसतो.

अडचण अशी की हळद दळताना मोटार पूर्ण भारावर चालतच नाही. पूड तापली की रंग आणि वास उतरतो, म्हणून हळकुंडे बेतानेच सोडावी लागतात. तेव्हा मी इतर सर्व भार बंद ठेवून अर्धा तास दळण केले. मीटरवर २.४ युनिट वाढले, म्हणजे ४.८ किलोवॉट, आणि टाँग टेस्टरवर तिन्ही फेजना साधारण ९.४ अँपिअर होते.

```
S  = 1.732 × 415 × 9.4 / 1000 = 6.76 kVA
PF = 4.8 / 6.76 = 0.71
Q  = √(6.76² − 4.8²) = 4.76 kVAr
Qc = 4.8 × (0.99 − 0.20) = 3.8 kVAr
```

शेवटच्या ओळीतील ०.९९ आणि ०.२० या अनुक्रमे आधीच्या आणि अपेक्षित पॉवर फॅक्टरच्या कोनांच्या टॅन्जंट किमती आहेत. गंमत म्हणजे उत्तर जवळजवळ तेच आले. मोटारीला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह पॉवर भार निम्मा झाला तरी फारशी कमी होत नाही, हे त्याचे कारण. नेमप्लेटला खोटे ठरवावे असे म्हणूनच मला वाटत नाही.

मग मोजमापाचा त्रास का घ्यायचा? कारण नेमप्लेटचा हिशोब प्रत्यक्षात क्वचितच शुद्ध राहतो. पहिल्या वेळी आमच्याकडे आलेल्या कारागिराने पॉवर फॅक्टर बिलावरचा ०.७१ धरला आणि किलोवॉट मात्र नेमप्लेटवरचे ७.५ घेतले. निम्म्या भाराचा पॉवर फॅक्टर आणि पूर्ण भाराचे किलोवॉट एकत्र धरल्यामुळे वरच्याच सूत्राने उत्तर ७.५ × (०.९९ − ०.२०), म्हणजे ५.९ आले, म्हणून त्याने ६ केव्हीएआरचा कपॅसिटर थेट मोटारीच्या टोकांना जोडून दिला. दळण चालू असताना सारे ठीक दिसे. स्टार्टर बंद केल्यावर मात्र मोटारीकडच्या बाजूचा इंडिकेटर दिवा विझण्याऐवजी काही सेकंद लख्ख पेटून राही आणि मोटार घूं घूं करत थांबे. फिरत राहिलेली मोटार त्या जास्तीच्या कपॅसिटरमुळे स्वतःच वीज निर्माण करत होती, आणि अशा वेळी टोकांवरचा व्होल्टेज नेहमीपेक्षा वर जाऊन गुंडाळीला व कपॅसिटरला धोका पोहोचू शकतो.

मोटारीच्या टोकांना कायम जोडायचा कपॅसिटर बिनभाराच्या रिअॅक्टिव्ह पॉवरच्या ९० टक्क्यांवर जाऊ नये, असा संकेत आहे. हा आकडा नेमप्लेटवर नसतो, आणि माझा कल मोजमापाकडे झुकला तो याच एका गोष्टीमुळे. पट्टा उतरवून मोटार चालवली तेव्हा करंट ५.८ अँपिअर आणि पॉवर अर्धा किलोवॉट मिळाली. त्यावरून रिअॅक्टिव्ह पॉवर ४.१ केव्हीएआर, आणि मर्यादा सुमारे ३.७ निघाली.

मी घेतलेला कपॅसिटर ४ केव्हीएआरचा आहे, पण ती क्षमता ४४० व्होल्टवरची. ४१५ व्होल्टवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ती ३.५६ होते, म्हणजे मर्यादेच्या आत. (काढून टाकलेला ६ चा कपॅसिटरही ४४० व्होल्टचाच होता. तो प्रत्यक्षात ५.३ देत असे, तरीही जास्तच.) आता दळताना पॉवर फॅक्टर ०.९७ आहे, स्टार्टरकडे येणारा करंट ९.४ वरून ६.९ अँपिअरवर आला आहे, आणि स्टार्टर बंद करताच दिवा विझतो. ओव्हरलोड रिले कपॅसिटरच्या आधी असल्याने तिचे सेटिंगही खाली आणावे लागले. ते राहिले असते तर मोटार जास्त तापली तरी रिले ट्रिप झाली नसती.

पट्टा उतरवणे शक्य नसेल, किंवा एकाच मीटरवर बंद न ठेवता येणारी अनेक यंत्रे असतील, तर नेमप्लेटचा मार्ग धरण्यास हरकत नसावी. मात्र तेव्हा किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही नेमप्लेटवरूनच घ्यावेत, आणि आलेल्या उत्तरापेक्षा एक पायरी लहान कपॅसिटर निवडावा.