‘भाडं शून्य’ म्हणून दुकानात आलेलं कार्ड मशीन

माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. काउंटरवर क्यूआर कोड आणि शेजारी पैसे जमा झाले की रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स, एवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं. मग एक एजंट आला आणि कार्ड मशीन देऊन गेला. त्यात मामांची जी फसवणूक झाली ती इथे सविस्तर लिहितोय, कारण अशाच पद्धतीने आणखी दुकानदारांकडे जाणारी माणसं फिरत आहेत.

एजंटचं बोलणं गोड होतं. “काका, क्यूआर तर सगळ्यांकडे असतो. कार्डवालं गिऱ्हाईक तुमच्या दारातून परत जातंय. मशीनचं भाडं शून्य, साउंडबॉक्सचं भाडं मात्र तुम्ही दर महिन्याला भरताय.” साउंडबॉक्सचे महिन्याला 118 रुपये जात होते हे खरं होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. आधार, पॅन आणि दुकानाच्या परवान्याचे फोटो त्याने काढले. मोबाइलवर एक लिंक आली, ओटीपी आला, तो त्याने विचारून घेतला. ओटीपी म्हणजे करारावरची सही होती. करार इंग्रजीत होता आणि तो मामांसमोर उघडलाच गेला नाही.

खरी मेख त्यापुढे होती. “खातं तपासायला एक रुपया जाईल, लगेच परत येईल,” असं म्हणत त्याने मामांना त्यांच्याच फोनवर यूपीआय पिन टाकायला लावला. एक रुपया गेला, परतही आला. पण पिन टाकला गेला होता तो ऑटोपे मँडेटसाठी, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे काढण्याच्या परवानगीसाठी. हे ओळखायची जागा म्हणजे पिनच्या आधीचा स्क्रीन. साध्या पेमेंटला तिथे फक्त रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव दिसतं. मँडेट असेल तर कमाल रक्कम, किती वेळाने पैसे कापायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहिलेलं असतं. मामांच्या मँडेटमध्ये कमाल रक्कम 5,000 रुपये होती आणि मुदत काही वर्षांची. फोन एजंटच्या हातात होता आणि त्याने तो फक्त पिन टाकण्यापुरता पुढे केला, त्यामुळे वरचं वाचायला संधीच मिळाली नाही.

जाताना तो साउंडबॉक्सही घेऊन गेला. “मशीनवरच क्यूआर येतो, आता याची गरज नाही.” परत घेतल्याची पावती दिली नाही.

त्रास दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. मशीनवर क्यूआर येतो, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी रक्कम टाइप करावी लागते. संध्याकाळी दूध, ब्रेड, अर्धा किलो साखर असं घेणाऱ्यांची रांग असते, तेव्हा एक हात तराजूवर आणि एक मशीनवर हे जमत नाही. चिकटवलेला क्यूआर गिऱ्हाईक स्वतः स्कॅन करतं, साउंडबॉक्स बोलतो आणि दुकानदाराला मान वर करावी लागत नाही. छोट्या बिलांच्या दुकानात हा फरक फार मोठा आहे.

पैशांचा घोळ मी पासबुक बघितलं तेव्हा कळला. दर महिन्याला 590 रुपये कापले जात होते: 500 भाडं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. करार काढून वाचला तर ‘भाडं शून्य’ला अट होती. महिन्यात कार्डांवर एक लाखाची विक्री झाली तरच भाडं माफ, आणि यूपीआयची विक्री त्यात धरायची नाही. मामांच्या दुकानात कार्डावर महिन्याला पंधरा हजारांच्या वर विक्री होतच नव्हती. कापण्याच्या आदल्या दिवशी मेसेज यायचा, पण तो विक्रीच्या मेसेजांच्या ढिगात इंग्रजीत यायचा.

एका महिन्याचा हिशोब मांडतो. पंधरा हजारांपैकी दहा हजार क्रेडिट कार्डावर होते. त्यावर करारातला शुल्काचा दर 1.9 टक्के, म्हणजे 190 रुपये. उरलेले पाच हजार रुपे नसलेल्या डेबिट कार्डांवर होते. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला डेबिट कार्डावर मशीनने जास्तीत जास्त 0.40 टक्के लावता येतात, म्हणजे 20 रुपये. त्यात 590 भाडं मिळवलं की 800. किराण्यात सरासरी दहा टक्के सुटले असं धरलं, तरी पंधरा हजारांवर दीड हजार मिळतात. त्यातले निम्म्याहून जास्त मशीनने खाल्ले. हेच पैसे बँक खात्यातून यूपीआयने आले असते तर दुकानाला त्यावर शुल्क शून्य होतं. 2020 च्या जानेवारीपासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून हे शुल्क घेतलं जात नाही. वर खर्च फक्त साउंडबॉक्सचे 118.

मशीन सगळ्यांनाच तोट्याचं नसतं. महिन्याचा किराणा एकदम भरणारी, दोन-तीन हजारांचं बिल क्रेडिट कार्डाने देणारी कुटुंबं असतील तर ते परवडतं. पण ते ठरवायचं आपल्या गल्ल्यावरून, आणि मामांना तसा विचार करू दिलाच नाही याचा मला राग आहे.

सोडवणूक कशी झाली तेही सांगतो. यूपीआय ॲपमध्ये AutoPay या भागात जाऊन मँडेट रद्द केलं. त्याने खात्यातून कापणं थांबलं, पण करार संपत नाही. पुढच्या महिन्यात मशीनच्या कंपनीने भाडं कार्डाच्या जमा रकमेतूनच वळतं करून घेतलं. शंभर रुपयांचं कार्ड पेमेंट आलं आणि खात्यात काहीच आलं नाही, तेव्हा ते लक्षात आलं. म्हणून मँडेट रद्द करताच मशीनवर कार्ड घेणंही बंद करा आणि करार मोडत असल्याचा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

एजंटचा फोन लागेनासा झाला होता. मशीनमधून निघणाऱ्या पावतीच्या माथ्यावर बँकेचं नाव, एमआयडी म्हणजे दुकानाचा नंबर आणि टीआयडी म्हणजे मशीनचा नंबर छापलेले असतात. तक्रार त्या बँकेकडे, ते दोन्ही नंबर घालून केली. कंपनीने चोवीस महिन्यांच्या बांधिलकीचं कारण देत बंद करण्याचे पैसे मागितले होते. तक्रारीत आम्ही पिन कसा टाकून घेतला आणि करार दाखवला नाही हे तारखेसह लिहिल्यावर ती मागणी सोडली आणि दोन महिन्यांचं भाडं परत आलं. बाकीच्या भाड्याचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही, म्हणून आता cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे.

मशीन न्यायला माणूस आला तेव्हा मशीनच्या मागचा सिरीयल नंबर लिहून त्याची सही घेतली आणि फोटो काढला. साउंडबॉक्सच्या वेळी हे झालं नव्हतं, त्यामुळे त्याची कंपनी आजही तो परत न केल्याचे पैसे मागतेय आणि तो वाद अजून चालू आहे.