भाचीला बर्थडे विश: अलार्म लावून की शेड्यूल करून?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या काकू विचारत होत्या, भाची न्यूजर्सीला, वाढदिवस ३ नोव्हेंबर, तिला सकाळी ७ ला उठल्याउठल्या मेसेज दिसायला हवा, मग अलार्म लावून व्हॉट्सॲप करू की जीमेल शेड्यूल करू? (रात्री १२ ला पाठवू नका काकू, तिकडे आदल्या दिवशीची दुपार असते!)

वेळेचं म्हणाल तर दोन्हीत गोची एकच. उन्हाळ्यात न्यूजर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं, मग फरक साडेदहा. मी एकदा ऑक्टोबरातच फोनच्या वर्ल्ड क्लॉकवर बघून दुपारी ४:३० चं शेड्यूल केलं आणि मेल पोचला तिकडच्या पहाटे ६ ला, कारण ते घड्याळ आजचा फरक दाखवतं, त्या दिवशीचा नाही. बरोबर वेळ होती ५:३०. आता मी गूगल कॅलेंडरमध्ये इव्हेंट न्यूयॉर्कच्या टाइमझोनमध्ये सकाळी ७ चा टाकतो, भारतातली वेळ ते आपोआप दाखवतं.

कष्टाचं बघाल तर शेड्यूल सोपं, फोन बंद असला तरी मेल जातो. अलार्मवाल्याला ५:३० ला नेमकं ठाणे स्टेशनच्या गर्दीत फोन काढावा लागतो. पण व्हॉट्सॲप ती उठल्यावर लगेच बघते, मेल कदाचित दुपारी.

विसरभोळे असाल, लांब पत्रासारखं लिहायचं असेल तर मेल शेड्यूल करा. काकूंसारखं संध्याकाळी घरीच असाल तर अलार्म, व्हॉइस नोटच पाठवा.